विचारपूस आणि चौकशी

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला रात्रीची पंगत आठवत असेल. घंटा झाली की ताट-वाटी घेऊन ओळीने बसायचे. एखाद्याची जागा मोकळी राहिली की दोन निरनिराळ्या गोष्टी घडत. गृहपाल वही उघडून विचारीत, "का आला नाही? कुठे आहे? काय झालंय त्याला?" ते त्यांचे कामच होते, आणि ते त्यांनी केले नसते तर आमच्या पालकांना रात्री झोप लागली नसती. त्याच वेळी शेजारच्या खाटेवरचा मुलगा कोणाला काही न सांगता थोडा भात आणि आमटी झाकून ठेवी आणि खोलीत गेल्यावर एवढेच म्हणे, "तुझं ठेवलंय." पहिल्या गोष्टीला आपण चौकशी म्हणतो आणि दुसरीला विचारपूस. गंमत अशी की 'विचारपूस' या शब्दात विचारणेही आहे आणि पुसणेही आहे, म्हणजे विचारणे दोनदा आले आहे. आणि त्या मुलाने तर एकदाही काही विचारलेले नसे.

शाळा सुटली आणि आम्ही पांगलो. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी रत्नागिरीतच स्थिरावलो. आता मित्राचे ताट दिसत नाही, त्याची खाट दिसत नाही, तो रात्री जागा आहे की झोपला आहे हे कळत नाही. उरला आहे तो फोन. त्या फोनवर खचलेल्या मित्राशी चौकशी न करता विचारपूस कशी करावी, हे आम्हांला आमच्याच एका सहाध्यायाच्या बाबतीत चुकत चुकत शिकावे लागले. त्याची संमती घेऊन, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, ती हकिकत येथे मांडत आहोत.

आमचा हा मित्र अनेक वर्षे मुंबईत नोकरीला होता. एका एप्रिलमध्ये तो जयंतीसाठी गावी, संगमेश्वर तालुक्यातील वाडीत आला आणि परत गेलाच नाही. जयंतीला येणारे सगळे चाकरमानी आठवड्याभरात परततात. जो परतत नाही त्याच्याकडे वाडी पाहू लागते. "रजा किती दिवसांची?" हा वरवर साधा प्रश्न त्याला दिवसातून चार वेळा ऐकावा लागे. नोकरी फेब्रुवारीतच गेली होती आणि ते त्याने पत्नीखेरीज कोणालाही सांगितले नव्हते. पत्नी व मुलगी मुंबईतच होत्या, कारण मुलीची शाळा तेथे होती. हळूहळू तो पाणवठ्याकडे जाईनासा झाला, विहारातल्या बैठकीला येईनासा झाला आणि आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप समूहावरही गप्प झाला.

आम्हांला हे कळले मे महिन्याच्या सुरुवातीला, आणि कळताच आम्ही जे केले ते आज आठवले की ओशाळल्यासारखे होते. आम्ही चौघे गाडी करून, न कळवता, त्याच्या दारात उभे राहिलो. त्याची आई चहाला आधण ठेवून साखर आणायला शेजारी धावली, यावरूनच आम्ही समजायला हवे होते. आम्ही ओटीवर बसून त्याला घेरले. एकाने नोकरी का गेली ते विचारले, दुसऱ्याने कर्ज किती आहे ते विचारले, तिसऱ्याने ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकतो म्हणून तिथूनच फोन लावला. चौथ्याने सांगितले की दहा दिवसांच्या शिबिराला जा, मन स्वच्छ होईल. आणि मग आमच्यापैकी कोणीतरी ते वाक्य उच्चारले, जे आपल्या समाजात फार सहज उच्चारले जाते: "अरे, बाबासाहेबांनी केवढं सोसलं! आणि तू एवढ्यावर खचलास?"

तो हसला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला. आम्ही समाधानाने परतलो. त्यानंतर तीन आठवडे त्याने कोणाचाही फोन उचलला नाही.

त्या वाक्याविषयी आधी लिहिले पाहिजे, कारण ते नुसते कठोर नाही, ते चुकीचेही आहे. जुलै १९२६ मध्ये बाबासाहेब व रमाई यांचा धाकटा मुलगा राजरत्न वारला. रमाई याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंदच्या, हे येथील वाचकांना सांगायला नको. त्यापूर्वी त्यांनी आणखी तीन अपत्ये गमावली होती. त्यानंतरच्या ऑगस्ट महिन्यात बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना एक पत्र लिहिले. त्या पत्रात धीरोदात्तपणा नाही. आपण व आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असे सोंग आणण्यात अर्थ नाही, आणि आपण कधी सावरू असे वाटतही नाही, अशा आशयाचे ते लिहितात. चार मुलांना मूठमाती दिल्याचे सांगतात आणि आयुष्यातली गोडीच गेल्याचे कबूल करतात. पुढल्याच मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, म्हणून आपण सहज म्हणून जातो की त्यांनी दुःख गिळले आणि कामाला लागले. पत्र तसे सांगत नाही. ते कामही करीत होते आणि खचलेलेही होते, आणि निदान एका मित्राजवळ हे न लपवता सांगता येत होते.

मग मित्राला 'बाबासाहेबांनी सोसले' असे सांगून गप्प करणे म्हणजे बाबासाहेबांनी स्वतः जे केले तेच त्याला नाकारणे झाले. आम्हांला त्या पत्रातली तारीखही महत्त्वाची वाटते. मूल जाऊन काही आठवडे झालेले असतात, भेटायला येणारे येऊन गेलेले असतात, आणि लोकांच्या दृष्टीने ते दुःख जुने होऊ लागलेले असते. माणूस एकटा पडतो तो नेमका त्याच सुमारास. नोकरी जाणे, लग्न मोडणे, परीक्षेत अपयश येणे, या सगळ्यांत हाच क्रम दिसतो. पहिल्या आठवड्यात चाळीस फोन आणि सहाव्या आठवड्यात एकही नाही.

आमची चूक कोठे झाली हे आमच्यातल्या एकीने आम्हांला समजावले. ती परिचारिका आहे आणि आमच्यापेक्षा कमी बोलते. तिचे म्हणणे असे की आम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणे त्याला भाग होते. 'का' ने सुरू होणारा प्रश्न कारण मागतो, आणि खचलेल्या माणसाजवळ बहुधा सांगण्यासारखे कारण नसते. किंवा असते ते सांगताना त्याला स्वतःची लाज वाटते. 'काय झालं?' हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी त्यात हकिकत सांगण्याची सक्ती असते. उलट 'कसा आहेस?' याला 'बरा आहे' हे उत्तर इतके ठरलेले आहे की त्यातून काहीच कळत नाही. शिवाय चौघांसमोर खरे बोलणे म्हणजे उद्या समूहावर त्याची चर्चा होणार हे गृहीत धरणे. तिने ठरवले की यापुढे एकानेच संपर्क ठेवायचा, आणि तो शाळेत त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपत असे त्याने. बाकीच्यांनी काही कळण्याची अपेक्षा करायची नाही. हे शेवटचे आम्हांला सर्वांत अवघड गेले.

त्या मित्राने दर रविवारी सकाळी एक संदेश पाठवायला सुरुवात केली. पहिल्या संदेशात त्याने क्षमा मागितली: आम्ही सगळे न सांगता आलो, फार बोललो, ते चुकले. आणि पुढे एवढेच की मी दर रविवारी लिहीन, उत्तराची वाट पाहणार नाही, तुला वाटले तर लिही. दुसऱ्या रविवारी त्याने भाट्याच्या खाडीवरून जाताना दिसलेल्या होड्यांविषयी लिहिले, आणि शेवटी 'आज तुझी आठवण आली' असे. तिसऱ्या रविवारी दुपारी उत्तर आले. ते एका ओळीचे होते: पाऊस आठवड्यावर आला आणि घराची कौले अजून परतलेली नाहीत.

उत्तर न मागणारा संदेश ही आम्हांला सुचलेली युक्ती वाटत होती. नंतर परिचारिका मैत्रिणीने सांगितले की त्याच्यावर कधीच अभ्यास झाला आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहिलेल्या, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ माणसांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला ते छोटी पत्रे पाठवीत राहिले. पहिले चार महिने दर महिन्याला, मग आठ महिने दोन-दोन महिन्यांनी, आणि पुढे चार वर्षे तीन-तीन महिन्यांनी. पत्रात सल्ला नसे, तपासणीला या असा आग्रह नसे, प्रश्नावली नसे. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे आणि वाटले तर आम्हांला कळवा, एवढाच आशय. ज्यांना पत्रे गेली त्यांच्यात पुढील काळात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्येचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिले. पत्राने नोकरी मिळाली नाही की कर्ज फिटले नाही. कोणाच्या तरी लक्षात आपण आहोत, आणि त्याबद्दल आपल्याला काहीच द्यायचे नाही, एवढे त्या माणसांना कळत राहिले.

यात गफलत होण्याची एक जागा आहे. सकाळी सगळ्यांना जाणारे फुलांचे चित्र आणि सुविचार म्हणजे असा संदेश नव्हे. तो कोणालाही गेला असता, हे ज्याला येतो त्याला ठाऊक असते. दुसरी जागा म्हणजे निळ्या खुणा. मित्राने संदेश वाचला पण उत्तर दिले नाही, म्हणून 'वाचलास ना?' असे विचारले की आधीचे सगळे पुसले जाते. आणि तिसरी म्हणजे नियमितपणा मोडणे. दर रविवारी लिहीन म्हणून दोन रविवार चुकवले, तर खचलेला माणूस त्याचा अर्थ 'यालाही कंटाळा आला' असाच लावतो. ज्याला आठवड्याला जमणार नाही त्याने महिन्याला एकदा म्हणावे, पण ते पाळावे.

कौलांच्या त्या ओळीला आमच्या मित्राने उत्तर लिहिले नाही. "शनिवारी येऊ का? कौले परतू. नको असेल तर नको म्हण," असे विचारले. येथे दोन गोष्टी त्याने बरोबर केल्या. 'काही लागलं तर सांग' असे तो म्हणाला नाही. खचलेल्या माणसाला काय लागते हे ठरवण्याचे आणि मागण्याचे बळ नसते, त्यामुळे ते वाक्य ऐकायला गोड आणि उपयोगाला शून्य ठरते. त्याने एक ठरावीक काम, ठरावीक दिवस सांगितला आणि नकाराची वाट उघडी ठेवली.

शनिवारी तो एकटाच गेला, वाटेत साखर आणि चहापूड घेऊन. तो वर चढला, मित्र खाली उभा राहून कौले हातात देत होता. फुटकी वेगळी, चांगली वेगळी. दोघे समोरासमोर नव्हते, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नव्हते, आणि बोलणे थांबले तरी हात चालू असल्याने शांतता अवघड होत नव्हती. दुपारपर्यंत ते कौलांविषयीच बोलले. जेवताना त्याने विचारले, "झोप लागते का रे?"

हा प्रश्न लहान आहे, पण आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला आहे. झोप, भूक, अंग जड वाटणे, याविषयी आपल्याकडे कोणीही कोणाला विचारू शकतो. त्यात लाज नाही. 'जेवलास का?' हे तर आपले रोजचे बोलणे आहे. मन खचल्याचे पहिले परिणाम तेथेच दिसतात. उत्तर देणारा 'लागते' म्हणून विषय संपवू शकतो आणि त्याला खोटे बोलल्यासारखे वाटत नाही. किंवा तेथून पुढे जाऊ शकतो. आमचा मित्र पुढे गेला. पहाटे तीनला जाग येते, म्हणाला, आणि मग उजाडेपर्यंत मुलीच्या शाळेची फी डोक्यात फिरते.

ऐकणाऱ्याच्या जिभेवर त्या वेळी किमान तीन उपाय आले असणार. फीसाठी सवलत मिळते, शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, आम्ही वर्गणी काढू. यातले एकही वाईट नव्हते, आणि पुढे एक उपयोगीही पडला. पण त्या क्षणी उपाय सांगणे म्हणजे 'हे बोलणे आता थांबव' असे सांगणे. त्याने एवढेच म्हटले, "पहाटे तीनपासून? म्हणजे तीन-चार तास एकटाच जागा असतोस." ऐकले तेच परत सांगितले, आणि थांबला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नोकरी कशी गेली, साहेबाने काय म्हटले, पत्नीला सांगायला किती दिवस लागले, हे सगळे न विचारता आले. आम्ही चौघांनी ओटीवर बसून जे उपटून काढण्याचा प्रयत्न केला होता, ते आणि त्याहून अधिक.

उपाय कधीच सांगू नये असे आमचे म्हणणे नाही. सगळे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "यात माझी काही मदत हवी आहे, की नुसतं ऐकू?" हा प्रश्न सरळ विचारता येतो हेच आम्हांला ठाऊक नव्हते. उत्तर आले, "आज नुसतं ऐक." फीचा विषय त्याने स्वतः तीन आठवड्यांनी काढला.

कामासाठी भेट ठरवण्याला आणखी एक आधार आहे. शेजारच्या गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम तपासून पाहिला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्रत्येक रुग्णाशी सहा ते आठ भेटींत बोलायचे, अशी ती रचना होती. त्यामागील विचार थोडक्यात असा: मन उदास झाले की माणूस कामे सोडतो, भेटी टाळतो, कामे सुटली की दिवसात बरे वाटण्यासारखे काही उरत नाही, आणि मन अधिक खचते. हे चक्र मन ताळ्यावर येण्याची वाट पाहून तुटत नाही. एखादे लहान, पूर्ण होईल असे काम आधी करायचे, मनाला नंतर येऊ द्यायचे. त्या रुग्णांमध्ये सुधारणा दिसली आणि ती वर्षभराने तपासले तेव्हाही टिकून होती. ते समुपदेशक प्रशिक्षित होते आणि आपण नाही, हे विसरू नये. पण मित्राला 'बाहेर पड, मन रमव' असे सांगणे आणि त्याच्यासोबत छपराचा एक पाखा पूर्ण करणे यांतला फरक त्यावरून समजतो. खचलेल्या माणसाला सांगून काम होत नाही. सोबत असली तर थोडे होते. त्या दिवशी अर्धेच घर झाले. उरलेले अर्धे पुढच्या शनिवारी, पहिली सर आली त्याच्या आदल्या दिवशी.

यापुढचा भाग लिहिताना हात आखडतो, पण तो लिहिला नाही तर वरचे सगळे धोक्याचे ठरेल.

लावणीच्या दिवसांत त्याच्या उत्तरांत बदल झाला. ती आखूड झाली, जेवण सुटले असे आईकडून कळले, आणि एका रविवारी त्याने लिहिले, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास. मी नसलो तर बरं होईल.' विचारपूस करणाऱ्याने कारण खोदू नये, हे खरे. पण येथे तो नियम थांबतो. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज आणि दिवसभर असेल, झोप व अन्न सुटले असेल, तर डॉक्टरांची गरज आहे. आणि स्वतःच्या नसण्याविषयी माणूस बोलू लागला, आवडीच्या वस्तू देऊन टाकू लागला, निरोप घेतल्यासारखे फोन करू लागला, तर उद्यापर्यंत थांबायचे नसते. फार दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक, कारण नसताना तो शांत झाला, तर त्याकडेही सुटकेचा निःश्वास टाकून दुर्लक्ष करू नये.

आमच्या मित्राने त्याच वेळी फोन केला आणि आडवळणाने न बोलता विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने नसलेला विचार मनात पेरला जातो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा प्रश्न नेहमी आणि सरळ विचारतात, आणि बहुतेकांना तो ऐकून ओझे उतरल्यासारखे वाटते. पलीकडून "येतं" असे उत्तर आले. मग त्याने विचारले की आत्ता, आज रात्री, तसे वाटते आहे का, आणि घरात कोण आहे. फोन चालू ठेवूनच तो निघाला. "कोणाला सांगू नकोस" अशी विनंती झाली, तेव्हा तो म्हणाला, "बाकी कोणाला काही सांगणार नाही. पण हे तुझ्या आईला आणि डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि ते तुझ्यासमोरच सांगीन." असे वचन आधीच देऊन बसू नये, हे त्यावरून आम्ही शिकलो. त्या रात्री तो तेथेच झोपला. आंब्यावर फवारणीसाठी आणलेली औषधे आईने शेजाऱ्यांकडे कुलुपात ठेवायला दिली. कोकणात हे सांगणे आवश्यक आहे. धोक्याची वेळ पुष्कळदा थोड्या काळाची असते, आणि त्या काळात घातक वस्तू हाताशी नसणे हेच जीव वाचवते.

ज्यांच्याजवळ निघून जाण्याइतके अंतर नाही, मित्र दुबईत आहे किंवा आपण दिल्लीत आहोत, त्यांनी 'टेली-मानस' ही सरकारी सेवा लक्षात ठेवावी. क्रमांक १४४१६. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. मित्रासाठी काळजीत असलेल्यालाही तेथे फोन करता येतो. जीव तत्काळ धोक्यात असेल तर ११२. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने घरचे लोक अशी गोष्ट झाकतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते, तिला शिक्षा करायची नसून तिची काळजी घेणे, उपचार देणे सरकारवर बंधनकारक आहे.

आपल्या गावात आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्याच विनोदांनी तयार केली आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातले. राज्यात अशी चारच प्रादेशिक रुग्णालये आहेत, पुणे, ठाणे, नागपूर आणि हे. इतकी जुनी सोय दाराशी असून आपण तिचे काय केले? 'याला रत्नागिरीला पाठवा' ही थट्टा उभ्या महाराष्ट्रात होते, आणि शाळेत आम्हीही ती सर्रास केली आहे. डॉक्टरांकडे जायचे म्हटल्यावर आमच्या मित्राचा पहिला प्रश्न हाच होता, "वेड्यांच्या इस्पितळात नेणार काय?" तेथे बाह्यरुग्ण विभाग असतो, माणूस तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतो, हे त्याला समजावण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी सोबत येणारा रांगेतही शेजारी बसेल, या एका अटीवर तो तयार झाला.

औषधे सुरू झाल्यावर मित्रांनी एक गोष्ट जाणून असावी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, गुंगी यांसारखे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतात. याच काळात माणूस म्हणतो, 'काही उपयोग नाही,' आणि गोळ्या सोडून देतो. आणि याच काळात मित्र म्हणतात, 'आता डॉक्टर आहेत,' आणि फोन सोडून देतात. रविवारचे संदेश त्या महिन्यात आम्ही मुद्दाम बुधवारीही सुरू केले. गोळ्या घेतल्या का, असे त्यात कधी विचारले नाही. ते आईकडे होते. गोळ्या थांबवायच्या तर डॉक्टरांना विचारून, एवढे एकदाच सांगितले.

आणि ज्याने हे सगळे सांभाळले त्याच्याविषयीही एक ओळ. जुलैअखेरीस तोच रात्री जागू लागला होता. तेव्हा परिचारिका मैत्रिणीने त्याच्यासाठी दर गुरुवारी फोन करायला सुरुवात केली. काय चालले आहे हे ती विचारीत नसे. जेवलास का, एवढेच.

आमचा मित्र दिवाळीनंतर मुंबईला परतला. नोकरी पूर्वीसारखी नाही, पण आहे. उपचार पुढेही काही महिने चालले, आणि मधला एक महिना पुन्हा वाईट गेला. त्या वेळी मात्र त्यानेच आधी लिहिले. रविवारचा संदेश अजून जातो. आता त्यात बहुधा पावसाची, माशांच्या भावाची किंवा मुलांच्या परीक्षेची हकिकत असते, आणि पुष्कळदा त्याला उत्तर येत नाही. मागील महिन्यात तिकडूनच एक छायाचित्र आले. मुंबईच्या खोलीत स्टुलावर एक ताट, वरून दुसरे ताट झाकलेले, आणि खाली लिहिले होते: 'पोरगी रुसून झोपलीये. तिचं ठेवलंय.'